फराळाची अनामत आणि पॉलिसीचा हप्ता

प्रश्न: मी जळगावात घरून दिवाळीचा फराळ करून देते. 2 किलोचा डबा : शेव, चकली, बेसन लाडू अर्धा-अर्धा किलो, शंकरपाळे आणि अनारसे पाव-पाव किलो. भाव 800 रुपये. किराणा 480 चा लागतो, म्हणजे 100 डब्यांवर 32,000 सुटतात. यंदा आगाऊ 20 टक्के घ्यावेत की 25? ऑर्डर कधी बंद करावी? आगाऊ आलेल्या 16,000 मधून 15,000 चा पॉलिसीचा पहिला हप्ता भरणार आहे, एजंट म्हणतात सात वर्षांत दुप्पट. किराणा दुकानदार उधारीवर देतो. गेल्या वर्षी 10 डबे लोकांनी नेलेच नाहीत.

ताई, टक्क्यांचं नंतर बघू. आधी तो हप्ता थांबवा.

अनामत ही तुमची कमाई नाही. ती गिऱ्हाइकाच्या बेसनाची, तेलाची आणि तुपाची रक्कम आहे, तुमच्या हातात फक्त दोन आठवडे ठेवायला दिलेली. ती पॉलिसीत गेली की 48,000 चा सगळा किराणा उधारीवर येतो, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच असतो. किलोमागे 5 टक्के जरी जास्त लागले तरी 2,400 गेले. सात वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला 10 टक्क्यांच्या वर परतावा लागतो. बचतीच्या पारंपरिक विमा योजना साधारण 5-6 टक्के देतात, त्या हिशेबाने दुप्पट व्हायला बारा ते चौदा वर्षं लागतील. शिवाय हप्ता दर वर्षी आहे, फराळ दिवाळीपुरता. मधेच हप्ता तुटला तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेले बरेच पैसे बुडतात. एजंटाला सांगा, हा दर पॉलिसीच्या कागदावर लिहून दाखवा. नाही दाखवणार. सही होऊन पॉलिसी हातात पडली असेल, तर मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

आता तुमचे 32,000. ते नाहीतच. मदतीला तीन बायका, रोज 400, दहा दिवस : 12,000, म्हणजे डब्यामागे 120. डबा, पिशवी, लेबल 60. गॅस आणि चक्की 40. किराणा धरून 700 झाले. डब्यामागे उरले 100, आणि त्यात तुमचे रोजचे बारा तास फुकट धरलेत. तुमची मजुरी ताशी 85 रुपयांच्या आत येते. किराणा 10 टक्के चढला तर त्यातलेही जवळपास निम्मे गेले.

न नेलेले डबे हेच खरं भोक आहे. 160 अनामत घेऊन डबा केला आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर 540 पदरचे गेले. दिवाळी सरल्यावर फराळाला गिऱ्हाईक नसतं. असे 10 डबे म्हणजे 5,400. उरलेल्या 90 डब्यांच्या 9,000 कमाईतून ते वजा केले की हातात 3,600.

म्हणून अनामत टक्क्यांत मोजू नका. किमान किराणा निघेल एवढी घ्या : डब्याला सरळ 500 रुपये. 800 च्या डब्यावर 500 मागितले की लोक कुरकुरतात, पण भाव 800 ठेवायचाच नाहीये, 950 करा. मग डब्यामागे 250 सुटतात आणि अनामत निम्म्याच्या आसपास दिसते. भावामुळे 20 गिऱ्हाइकं तुटली तरी 80 डब्यांवर 20,000 राहतात, आजच्या दुप्पट. किराणाही रोखीने, एकदम आणि आधी भरता येतो, त्यामुळे नंतर भाव चढले तरी तुमचं गणित हलत नाही.

तारीख अनारसे ठरवतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ निदान पाच-सहा दिवस मुरू द्यायचं. मग तळणी. घाईने केलेलं कच्चं पीठ तुपात हसतं आणि अख्खा घाणा वाया जातो. त्यामुळे अनारशांसह डब्याची ऑर्डर दसऱ्याला बंद. अनारशांऐवजी पाव किलो शंकरपाळे जास्त घेणाऱ्यांसाठी कोजागिरीपर्यंत. तिथून वसुबारसेपर्यंत बारा-एक दिवस मिळतात. दोन दिवस खरेदी आणि भाजणीला गेले की दहा दिवस रोज 20 किलो, याहून जास्त चौघींच्या हातून निघत नाही. म्हणून 100 डबे भरले की तारखेआधीही बंद.

अनामतीची पावती व्हॉट्सॲपवर द्या आणि त्यात लिहा : शेवटच्या तारखेपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परत, नंतर परत नाही. माल भरायच्या आधी पैसे अडवायचं कारण नाही, भरल्यावर परत द्यायला ते उरतच नाहीत. हे लेकी-सुनांच्या नात्यातल्या ऑर्डरींनाही लागू, किंबहुना तिथेच जास्त, कारण न नेलेल्या डब्यांत ओळखीतलेच निघतात.

पुण्याला ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या डब्यांचं पार्सलभाडं वेगळं लावा. त्यांचे उरलेले 450 डबा गाडीत चढण्याआधी खात्यावर आलेले हवेत. गावातल्यांनी नेताना दिले तरी चालेल.