आधी दोघांना हाणलं, तर तिसरा घाबरेल का?

प्रश्न: एका कंपनीची 20 गावांत दुकानं आहेत. प्रत्येक गावात एकामागून एक नवा स्पर्धक येणार. सुरुवातीला भाव पाडून, तोटा सोसून त्याच्याशी लढल्याचा पुढे उपयोग होतो का?

होतो, पण स्पर्धकांच्या मनात थोडी शंका असेल तरच.

अर्थशास्त्रज्ञ सेल्टेन यांनी 1978 मध्ये मांडलेले नफ्याचे आकडे घ्या. स्पर्धक आलाच नाही तर कंपनीला 5, त्याला 1. आला आणि जुळवून घेतलं तर दोघांना 2-2. लढाई झाली तर दोघांना शून्य. विसाव्या गावात लढून कंपनीला पुढे काहीच मिळवायचं नसतं, म्हणून ती जुळवून घेणार. हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर एकोणिसाव्यातही दरारा निरुपयोगी. असं मागे येत पहिल्या गावापर्यंत धमकी पोकळ ठरते. प्रत्यक्षात कोणी असं वागेल, हे सेल्टेननाही पटलं नव्हतं.

1982 मध्ये क्रेप्स-विल्सन आणि मिलग्रोम-रॉबर्ट्स या अर्थशास्त्रज्ञांच्या जोड्यांनी शंका आत आणली: कंपनीचा मालक खरंच लढाईखोर, म्हणजे तोटा झाला तरी लढणारा असला तर? याच आकड्यांत ती शक्यता फक्त 1 टक्का धरली, तरी पहिल्या 14 गावांत कोणी पाऊल ठेवत नाही. कारण तिथे लढाईखोर नसलेला साधा मालकही बहुधा लढेल. एकदा नमला की पितळ उघडं पडतं. शेवटच्या सहा गावांत मात्र स्पर्धक आजमावून बघू लागतात. आधीच्या लढाया पुढच्यांना दिसल्याच नाहीत, तर हा दरारा उभाच राहत नाही.