नवीन शहरात पहिले मित्र कसे जमवायचे?

प्रश्न: जॉबसाठी नवीन शहरात आलोय, तीन महिने झाले, ऑफिसमध्ये सगळ्यांशी बोलणं होतं पण मित्र म्हणावं असं कोणीच नाही. काय करू?

उत्तर: दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं भेटतील असा एक ग्रुप पकडा, बॅडमिंटन, ट्रेकिंग, काहीही, आणि निदान चार महिने सोडू नका. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये नुकतंच शहर बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता, त्यात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात असं दिसलं, आणि ऑफिसच्या कामात गेलेले तास त्यात फारसे धरले जात नाहीत, म्हणून तुमचं तीन महिन्यांत काही जमलं नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. आता हिशोब बघा, आठवड्याला 2 तास खेळून लगेच घरी गेलात तर 25 आठवडे लागतील, पण खेळ संपल्यावर तासभर तिथेच गप्पा मारत थांबलात तर 17. खरं काम त्या तासातच होतं. आणि दीड-दोन महिन्यांनी ज्याच्याशी पटतंय त्याला ग्रुपबाहेर एकट्याला मेसेज टाका, "रविवारी मोकळा आहेस का?", हे कोणीतरी आधी करावंच लागतं. फक्त 50 हा आकडा लोकांनी आठवून सांगितलेल्या तासांवरून काढलाय, म्हणजे अंदाजच, कोणाशी 20 तासांतही जमतं.