भरती बंद असताना पगारवाढ मागावी का, आणि कधी?

प्रश्न: लोट्याला केमिकल कंपनीत क्यूसी केमिस्ट आहे, सात वर्षं झाली. ग्रॉस ३२ हजार. गणपतीनंतर सोबतचा केमिस्ट सोडून गेला. खर्चकपात चालू आहे, भरती बंद, म्हणून त्याच्या जागी कोणी नाही. त्याचं निम्मं काम माझ्यावर आलंय. आत्ता पगारवाढ मागू की एप्रिलपर्यंत थांबू?

उत्तर: एप्रिलपर्यंत थांबू नका. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मागा. मात्र त्याआधी कंपनीची तब्येत बघून घ्या, कारण दोन परिस्थितींत मागूच नये. त्या पुढे सांगतो.

आधी डिसेंबर का, ते. तुमच्या कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च असणार. पुढच्या वर्षाचं बजेट मुंबई ऑफिसला साधारण डिसेंबर-जानेवारीत बसतं. त्यात प्रत्येक खात्यापुढे मंजूर पदं किती आणि भरलेली किती असा तक्ता असतो. आज त्या तक्त्यात तुमच्या क्यूसीपुढे समजा मंजूर ४, भरलेली ३, रिकामं १ असं दिसतंय. ते रिकामं पद गोठवलेलं असलं तरी त्याचे पैसे ३१ मार्चपर्यंत कागदावर आहेत. जानेवारीत कोणीतरी विचारणारच, "तीन माणसांत चार महिने चाललं ना?" आणि पद रद्द होईल. मग तुमचं दीड माणसाचं काम हे एका माणसाचं काम ठरतं. त्यानंतर केलेली मागणी 'सात वर्षं झाली, वाढवा' एवढीच उरते, आणि ती तर सगळेच करतात. एप्रिलमध्ये हातात पत्र पडतं, पण किती टक्के द्यायचे ते त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं.

त्याहून आधी मागूनही उपयोग नव्हता. माणूस गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर साहेब म्हणणार, बघू, जरा दम धरा. दोन-अडीच महिन्यांच्या नोंदी हातात असल्या की बोलण्याला आधार येतो. तुमच्या बाबतीत तो काळ नेमका डिसेंबरला भरतोय.

आता तब्येत. भरती बंद म्हणजे पगारही बंद असं नसतं. बऱ्याच ठिकाणी पदांवर कुलूप असतं, पण आहे त्या माणसांच्या पगारात फेरफार करायला प्लँट हेडच्या शिफारशीवर मुंबईहून परवानगी मिळते. पैशांचीच चणचण असली तर मात्र वेगळी चिन्हं दिसतात. ईपीएफओच्या पासबुकात महिनावार जमा बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकात नोंद दिसायला थोडे दिवस लागतात ते सोडा, पण दोन-तीन महिन्यांची जमाच नसेल तर गोष्ट गंभीर आहे. पगार ७ तारखेच्या पुढे सरकायला लागला, स्टोअरवाल्याला सप्लायर 'आधी पैसे, मग माल' म्हणायला लागले, तर पगारवाढीचा विषय बंद करा आणि दुसरीकडे बघायला लागा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मार्च सोडून बाकी तिमाहींचे आकडे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जाहीर होतात. सप्टेंबर तिमाहीचे आत्ता नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आलेले असतील, ते वाचा.

आणखी एक आरसा तुमच्या टेबलावरच आहे: सॅम्पल रजिस्टर. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आणि यंदाचा ऑक्टोबर शेजारी ठेवा. इन-प्रोसेस सॅम्पल ४०० वरून ३८० झाले असतील तर प्लँट चालू आहे, कपात फक्त खर्चाची आहे. ४०० चे २२० झाले असतील तर बॅचेसच कमी झाल्यात. मग तीन केमिस्टही जास्त वाटायला लागतील. तेव्हा पगारवाढ मागून स्वतःकडे लक्ष वेधू नये, ही दुसरी परिस्थिती.

समजा प्लँट चालू आहे. मग त्याच रजिस्टरमधून अर्ध्या पानाचा कागद तयार करा. यात बहुतेक जण एक चूक करतात. काम किती वाढलं, जेवायला वेळ मिळत नाही, रिपोर्ट रखडतात, असं सगळं मांडतात. त्यावरून सिद्ध काय होतं? एक माणूस हवा, हे. आणि माणूस तर मिळणारच नाही, कारण भरती बंद आहे. साहेब सहानुभूती दाखवून 'विनंती पुढे पाठवतो' म्हणतील आणि विषय संपेल. तुमच्या कागदावरून दिसलं पाहिजे ते हे की एक माणूस कमी होऊनही काम सांभाळलं गेलंय.

उदाहरणार्थ, गेटवर सॉल्व्हंटचा टँकर आला की सॅम्पल काढून, जीसी यंत्रावर चालवून, पाण्याचं प्रमाण बघून 'उतरवा' म्हणेपर्यंत पूर्वी दीड तास लागायचा. आता एकच माणूस टँकर आणि इन-प्रोसेस दोन्ही बघतो, तरी पावणेदोन तासांत सुटतो. गेटच्या नोंदवहीत आत येण्याची वेळ असते, तुमच्या रजिस्टरात मंजुरीची. दोन्ही जुळवून ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे पाच-पाच टँकर लिहा. टँकर अडकला की वाहतूकदार खोळंब्याचे पैसे लावतो, हे साहेबांना सांगावं लागत नाही. त्याखाली तुमच्याकडे नव्याने आलेल्या कामांची नावं लिहा: टँकर, सीओए म्हणजे मालासोबत जाणारे तपासणीचे दाखले, ठेवणीच्या नमुन्यांची नोंद. एवढं पुरे. जे खरंच होत नाही, ते गुपचूप ओढत बसू नका. 'यातलं कोणतं मागे ठेवू?' असं साहेबांना विचारून ठेवा, म्हणजे उद्या ऑडिटमध्ये ते तुमच्या अंगावर येणार नाही.

किती मागायचं? गेलेल्या केमिस्टचा ग्रॉस ३० हजार धरू. कंपनीच्या बाजूचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८००, त्यावर थोडे प्रशासकीय आणि विम्याचे पैसे, ग्रॅच्युइटीची तरतूद. म्हणजे कंपनीला तो महिन्याला ३३ हजारांच्या घरात पडायचा. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत जवळपास २ लाख वाचतात. तुम्ही डिसेंबरपासून महिना ५ हजार मागितले तर मार्चपर्यंत खर्च २० हजार. हे आकडे साहेबांसमोर ठेवा, पण 'त्याचा अर्धा पगार मला द्या' असं कधीच म्हणू नका. ती बचत मुंबईला आधीच दाखवून झालेली असते. ती परत मागणं म्हणजे कोणाच्या तरी यशात भोक पाडणं.

लोट्यातला एचआर पगार ठरवत नाही, पुढे पाठवतो. वरून पहिला प्रश्न येणार, "एकाला दिलं तर बाकीचे रांग लावतील." म्हणून मागणी अशा रूपात द्या की ती पुढे पाठवणं सोपं जाईल. बोलायचं साधारण असं: "साहेब, गणपतीपासून टँकर आणि सीओए मी बघतोय. हा दोन महिन्यांचा हिशोब. पद भरेपर्यंत जादा जबाबदारीचा भत्ता म्हणून ५ हजार सुरू करावा आणि पदच रद्द झालं तर एप्रिलपासून तो मूळ पगारात धरावा, अशी विनंती आहे." तात्पुरता भत्ता म्हटलं की ग्रेडला हात लागत नाही, आणि बाकीच्यांच्या शेजारचं पद रिकामं नसल्याने रांगेचा प्रश्नही सुटतो. वाक्याचा शेवटचा भाग गाळू नका. तो गाळला तर पद रद्द होताच भत्ताही बंद होतो आणि काम तुमच्याकडेच राहतं.

एका सापळ्याबद्दल सावध करतो. खर्चकपातीत पैशांऐवजी हुद्दा देतात: 'केमिस्ट'चे 'सीनियर ऑफिसर' करतो, ३ हजार वाढवतो. ऐकायला छान. पण तुमच्याकडे ऑफिसर ग्रेडला ओव्हरटाइम मिळतो का, ते आधी विचारा. ३२ हजार भागिले २६ दिवस भागिले ८ तास, म्हणजे तासाला सुमारे १५४. ओव्हरटाइम दुप्पट दराने ३०८. सध्या माणूस कमी म्हणून महिन्याला २० तास जादा थांबत असाल तर तेच ६,१५० होतात. (तुमच्याकडे दर कशावर काढतात ते पगारपत्रकावरून पडताळा, सगळे भत्ते धरत नसतील तर आकडा कमी येईल.) ३ हजार मिळवून ६ हजार घालवायचे आणि वर पेढे वाटायचे, असं होऊ देऊ नका.

दिवस निवडताना महिनाअखेरचं डिस्पॅच आणि कस्टमर ऑडिटचा आठवडा टाळा. ऑडिट नीट पार पडल्यानंतरचे दोन-चार दिवस सगळ्यात चांगले, तेव्हा क्यूसीचं नाव साहेबांच्या तोंडी असतं. सकाळच्या मीटिंगनंतर लगेच गाठू नका. आदल्या दिवशी 'उद्या पंधरा मिनिटं हवीत' एवढं सांगून ठेवा.

नोकरी सोडण्याची धमकी देऊ नका, हातात लेखी ऑफर नसेल तर मुळीच नाही. लोटे, महाड, रोहा इथले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, महाडला मुलाखत दिलीत की चार दिवसांत इथे कळतं. शिवाय तुम्ही गाव सोडून जाणार नाही, असा हिशोब साहेबांनी मनात केलेलाच असतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. तळोजाहून ४० हजारांची ऑफर आली, तरी खोलीभाडं आठ-नऊ हजार, खानावळ आणि दर पंधरवड्याची कोकण रेल्वे वजा केली की इथल्या ३२ पेक्षाही हातात कमीच उरतं. इथे ३७ मिळाले तर तळोजाच्या ४० ला ते भारी पडतात. म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी ५ हजार हा आकडा योग्य आहे. ८ मागून ३ वर येण्यापेक्षा ५ मागा आणि ४ च्या खाली येऊ नका.

'नाही' आलं तर कारण विचारा. 'एप्रिलपर्यंत काहीच नाही' असं उत्तर असेल तर बजेटमध्ये नाव घालून घ्यायची विनंती करा आणि त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल टाका: आज बोलणं झालं, सध्या भत्ता शक्य नाही असं कळलं, पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये विचार करू असं आपण म्हणालात, सोबत दोन महिन्यांचा हिशोब जोडला आहे. जानेवारीत मुंबईहून तक्ता आला की साहेबांना तो मेल शोधून पुढे पाठवता येतो. तोंडी बोललेलं तोपर्यंत त्यांच्याही लक्षात राहिलेलं नसतं.