तन्यता म्हणजे लवचिकता नव्हे

"डक्टिलिटीला मराठीत लवचिकता म्हटलं तर चालेल का? आणि यील्ड पॉइंटला नेमका शब्द कोणता?" (धातुशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर)

नाही चालणार. डक्टिलिटी म्हणजे तन्यता. हिंगण्याच्या वर्कशॉपांपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत "माइल्ड स्टील लवचिक, म्हणून लांबतं" हे ऐकून माझे कान किटले आहेत. वेत लवचिक असतो: वाकवला तर वाकतो, सोडला की सरळ होतो.

10 मिमी व्यासाची सळई घे, तिच्यावर 50 मिमी अंतराने दोन खुणा कर आणि यूटीएमच्या, म्हणजे सळई ओढून तपासणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात धर. साधारण 20 किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे दोन टन वजन टांगल्याइतक्या भारापर्यंत, आलेख सरळ चढतो. तोवर खुणांमधलं अंतर जेमतेम 0.06 मिमी वाढतं आणि भार काढला की तेही परत जातं. सळईची लवचिकता एवढीच. तीच सळई तुटेपर्यंत ताणून तुकडे जुळवले, तर अंतर 64 मिमीच्या आसपास भरतं. हे 14 मिमी परत येत नाहीत. ही तन्यता, 28 टक्के.

आणि हा शब्द किती नेमका आहे बघ! 'तन्' म्हणजे ताणणे. ताण, तंतू, कोष्ट्याच्या मागावरचा ताणा हे सगळे त्याचेच. पण 'तनु' म्हणजे बारीकही, म्हणून तन्वंगी. ताणलं ते बारीक होतं, हे भाषेने आधीच ओळखलं होतं. इंग्रजीतले 'टेन्साइल' आणि 'थिन' हेही याच कुळातले. सळई कमाल भाराला पोचली की एका जागी तिची मान बारीक होऊ लागते, 10 मिमीची 6 मिमी होते. तिथून आलेख उतरतो, पण सळई मऊ पडली म्हणून नव्हे. आपण भाराला मूळच्या क्षेत्रफळाने भागत राहतो. मानेतलं खरं प्रतिबल, म्हणजे तिथल्या प्रत्यक्ष क्षेत्रफळाने भागलेला भार, चढतच असतं.

यील्ड पॉइंटला हिंदी पुस्तकं 'पराभव बिंदू' म्हणतात. मला तो साफ नामंजूर आहे. 250 मेगापास्कलला 'हरलेलं' पोलाद पुढे 410 पेलतं, मग पराभव कोणाचा? मी 'ढळबिंदू' म्हणतो. लोखंडाच्या स्फटिकांत अणूंची रचना जिथे बिघडलेली असते त्या विस्थापन-रेषांभोवती कार्बन-नायट्रोजनचे अणू जमून त्यांना जखडून ठेवतात. ताण पुरेसा झाला की त्या सुटतात, जागच्या ढळतात. म्हणूनच यंत्राचा काटा अडखळून किंचित मागे येतो आणि भार न वाढताही सळई थोडी लांबते. सळईवर काळी पपडी असेल तर ती याच वेळी तिरप्या पट्ट्यांनी झडते; डोळा तिथेच ठेव. थंड अवस्थेत पिळलेल्या सळईत मात्र त्या रेषा आधीच सुटलेल्या असतात. तिथे काटा अडखळत नाही, आणि ढळबिंदूऐवजी 0.2 टक्के कायम विकृतीचा, म्हणजे परत न येणाऱ्या लांबीचा, बिंदू आखून काढावा लागतो.