उत्तरातलं 'कारण' आणि 'पण' काढून टाका

या वेळी तीन पत्रं आहेत. तिन्हींत कोणी ना कोणी कुणाच्या तरी दिसण्यावर बोललंय. दोघांना मी थोडक्यात उत्तर देणार आहे आणि बाकी सगळी जागा पहिल्या पत्राला देणार आहे. त्या पत्रात एक वाक्य असं आहे की ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

बारा वर्षांच्या मुलीची आई लिहिते: "दर रविवारी सासूबाई आणि नणंदबाईंशी व्हिडिओ कॉल असतो. महिन्यापूर्वी लेक स्क्रीनसमोर आली तशी नणंदबाई म्हणाल्या, 'अगं, ही तर चांगलीच सुटलीये! आणि रापलीये किती ती!' मी लगेच हसून सावरून घेतलं. म्हटलं, 'अहो वन्सं, रोज उघड्या तलावात पोहायला जाते ना, त्या उन्हाने काळवंडलीये. आणि वयच आहे तसं. पण अभ्यासात पहिली आहे हं!' तेव्हापासून ती कॉलवर येत नाही आणि पोहणंही सोडलंय. एका वाक्याने नणंदबाईंनी माझ्या मुलीचं पोहणं बंद केलं. त्यांना कसं सांगू?"

ताई, तुमचा जीव किती तुटत असेल ते मला कळतं. आपल्या माणसांपासून इतक्या लांब राहायचं, आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळतो, तो वाईटपणात जाऊ नये म्हणून आपण सगळ्याजणी असंच हसून सावरून घेतो. तरीही तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचा. पोहण्याचं नाव नणंदबाईंनी काढलंच नव्हतं, ते तुम्ही काढलंत. आत्याने सांगितलं की तू काळवंडलीस, आणि आईने सांगितलं की कशामुळे. बारा वर्षांच्या मुलीने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि ज्याच्यामुळे काळवंडतं ते बंद करून टाकलं. तिच्या वयाला हे अगदी सरळ गणित आहे.

गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आलेय आणि आजही हेच सांगणार आहे: शेऱ्याला उत्तर द्या, पण स्पष्टीकरण देऊ नका. कारण सांगितलं की समोरच्याचं म्हणणं खरं आणि गंभीर ठरतं. 'जाड झाली' याला 'वयच आहे तसं' म्हटलं की आपण कबूल करतो की काहीतरी बिघडलंय आणि त्याला निमित्त आहे. मग समोरूनही उपाय येतात. पोहायला संध्याकाळी पाठव, हे लाव, ते खाऊ घालू नकोस. दार आपणच उघडलेलं असतं.

तुमच्या वाक्यातला 'पण' तर मला आणखी खुपतो. 'पण अभ्यासात पहिली आहे.' माझी आई हेच करायची. माझ्या नाकावर घरातलं कोणी बोललं की ती पटकन माझी वेणी पुढे ओढायची आणि म्हणायची, "पण केस बघा की कसे आहेत!" तिची माया होती, त्यात शंका नाही. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं की नाकाची भरपाई केसांनी होते. चौतिसाव्या वर्षी, धाकटा सहा महिन्यांचा असताना, केस आवरेनात म्हणून मी ते खांद्यापर्यंत कापले. त्या रात्री आरशासमोर उभी राहून रडले, आणि का रडतेय ते मला बराच वेळ कळेना. तुमच्या लेकीला एखाद्या परीक्षेत कमी गुण मिळतील त्या दिवशी तिला काय वाटेल, याचा विचार करा. एका गोष्टीतलं उणं दुसरीने भरून काढायचा हिशेब तिच्यासमोर मांडूच नका.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम लेकीशी बोलण्याचं आहे, नणंदबाईंचं नंतर. समोरासमोर बसवून बोलू नका. गाडीत किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे सांगा: "त्या दिवशी आत्या तुझ्या रंगावर बोलली, आणि मी पोहण्याचं कारण सांगितलं. माझं चुकलं. तुझ्या रंगाला कारण लागत नाही." एवढंच बोला आणि गप्प बसा. 'मग उद्यापासून जाशील ना पोहायला?' हे त्याच दमात विचारलंत तर माफीवरचा तिचा विश्वास उडेल. पोहण्याचा विषय तिला काढू दे.

तिच्या शरीराबद्दल तुम्हालाही एक गोष्ट माहीत हवी, म्हणजे तुमच्याच मनातली धाकधूक कमी होईल. मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढते. त्याच्या आगेमागे अंग भरतं, कंबर-मांड्या रुंद होतात, आणि पाळी बहुतेक मुलींना हा वेग ओसरू लागल्यावर येते. म्हणजे नणंदबाईंना जे 'सुटणं' दिसलं, ती बहुतेक वेळा वाढच असते. वाढीचा तक्ता डॉक्टर बघतात, तो त्यांच्याकडेच राहू द्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींवर मिळून एक अहवाल काढला. पालकांनी मुलांशी वजनावर बोलणं टाळावं, कुटुंबाने एकत्र जेवावं आणि वजनावरून चिडवणं घरात चालू देऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. 'वजन कमी कर' असं कोणी प्रेमाने म्हटलं तरी तेही वजनावरचंच बोलणं झालं.

दुसरं काम तुमच्या यजमानांचं आहे. ताई, तुमच्या पूर्ण पत्रात ते एकदाही येत नाहीत, आणि याचं मला वाईट वाटलं. बहीण त्यांची आहे. तुम्ही बोललात तर 'वहिनीला आमचं बोलणं खपत नाही' असं होईल. भाऊ बोलला तर ते भावाबहिणीतलं राहील. रविवारच्या कॉलवर नाही, तर आधी, मधल्या वारी, तिला एकटीला फोन करून: "ताई, पोरीच्या वजनावर आणि रंगावर कोणीच बोलायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. तूही नको बोलूस." यात कारण नाही, हे लक्षात घ्या. ती पोहणं सोडून बसलीये, रडते, कॉलवर येत नाही, यातलं काहीही सांगायचं नाही. सांगितलंत तर पुढच्या रविवारी 'काय गं, आत्यावर रुसलीस?' हे ठरलेलं.

नणंदबाई काय म्हणतील तेही मी सांगते, कारण माझ्या थोरल्या दिरांनी अगदी हेच ऐकलंय. "मी आत्या आहे, मायेने बोलते." "आम्हाला काय कमी बोलले? आमचं काही बिघडलं?" आणि शेवटी, "तिकडे जाऊन तुम्ही फार नाजूक झालात." यातल्या एकालाही खोडून काढायला जायचं नाही. दीर तेव्हा दर वेळी एवढंच म्हणाले, "असेल गं. पण तिच्या दिसण्यावर नको." तीनदा, त्याच आवाजात. चौथ्यांदा आमच्या नणंदबाईंनी विषय बदलला. आवाज चढला असता तर भांडण झालं असतं, आणि शब्द बदलले असते तर वाद. (हा एकच 'पण' मला चालतो.)

तरीही कॉलवर तोंडातून निघून जाईल, कारण सवय वर्षानुवर्षांची असते. त्यासाठी तुमचं वाक्य तयार ठेवा: "वन्सं, तिच्या दिसण्यावर नको." मग थांबा. व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे शांतता आहे त्याहून लांब वाटते आणि ती भरायला आपण स्पष्टीकरणं देत सुटतो. एक श्वास पूर्ण घ्या आणि मग नणंदबाईंनाच त्यांच्याबद्दल काही विचारा: गुडघा कसा आहे, नवीन घराचं काय झालं. पुन्हा तेच निघालं तर, "बरं, आज ठेवते. पुढच्या रविवारी बोलू." आणि पुढच्या रविवारी ठरल्या वेळी फोन तुम्हीच करायचा. हे चुकवू नका. फोन ठेवणं ही सीमा आहे. पुन्हा न करणं हा अबोला झाला, आणि त्यात बिचाऱ्या सासूबाईंचीही नात तुटते.

ही वाक्यं मनात म्हणून उपयोग नाही. स्वयंपाकघरात एकट्या असताना मोठ्याने म्हणा, पाच-सहा वेळा. पहिल्यांदा आवाज कापतो किंवा उगाच हसू येतं. हसू न येता म्हणता आलं की तयारी झाली.

लेक कॉलवर परत येईल तेव्हा कोपऱ्यातल्या चौकटीत ती स्वतःलाच बघत बसेल. तुम्ही झूम वापरत असाल तर आपल्या चित्रावर Hide Self View आहे, ते लावून द्या. आणि पहिले काही कॉल पाच मिनिटांचेच असू द्या.

एक मर्यादा सांगते. ती जेवण टाळू लागली, जेवून उठल्याउठल्या बाथरूममध्ये जाऊ लागली, खाणं लपवू लागली, वजन उतरू लागलं किंवा सुरू झालेली पाळी थांबली, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं जसंच्या तसं सांगा.

दुसरं पत्र एका वाचकाचं आहे. ऑफिसातला सहकारी त्यांच्या पोटावर आणि "तुझ्या रंगाला हा शर्ट चालत नाही" वगैरे बोलतो. दादा, त्याला एकट्याला गाठून सांगा, "माझ्या शरीरावर आणि रंगावर बोलू नकोस." सगळ्यांसमोर नको, नाहीतर तो मस्करीत नेईल. पुन्हा झालं तर तारीख आणि त्याचे नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वरिष्ठांना मेल करा. रंगाचा मुद्दा आधी मांडा. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात आणि अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यात रंगाचा स्पष्ट उल्लेख आहे, वजनाचा नाही.

तिसरं पत्र एका नव्या आईचं. बाळंतपणासाठी आलेली तिची आई रोज म्हणते, "कशी होतीस आणि काय झालीस!" बाळा, तुझी आई अजून सात आठवडे तुझ्याच घरात आहे, त्यामुळे फोन ठेवायची सोय तुला नाही. तू खोलीतून उठून जा. "आई, माझ्या अंगावर नको बोलूस" म्हण, बाळाला उचल आणि दुसऱ्या खोलीत जा. दहा मिनिटांनी परत ये आणि तिच्या शेजारीच बस. आणि हो, 'अगं, नुकतीच बाळंत झालेय ना मी' असं म्हणू नकोस. ते तिला माहीत आहे.