आलेखावरचे नको वाटणारे दोन बिंदू

*प्रिय ताई,*

*मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. स्प्रिंगचा स्थिरांक काढण्याच्या प्रयोगात 100 ग्रॅमला वाढ 1.6 सेंमी आली आणि पुढे 400 ग्रॅमपर्यंत दर 50 ग्रॅमला 2 सेंमीची भर पडत गेली. पण 50 ग्रॅमला स्प्रिंग हललीच नाही, आणि 250 ला 7.6 यायला हवे तिथे 8.6 लिहिले आहे. वजने काढताना 250 ला 7.6 आले, 50 ला पुन्हा शून्य. माझी जोडीदार म्हणते, हे दोन बिंदू गाळून आरंभबिंदूतून सरळ रेषा काढू, पुस्तकात तशीच आहे. सोमवारी जर्नल द्यायचे आहे. मन मानत नाही. काय करू?*

तू वजने काढतानाही रीडिंग घेतलेस, हे फार बरे केलेस, कारण उत्तर त्याच रकान्यात दडलेले आहे. हे दोन बिंदू आलेखावर सारखेच खटकत असले, तरी त्यांची जात वेगळी आहे.

आधी 250 ग्रॅमचा बिंदू घेऊ. वजने चढवताना 8.6 आणि उतरवताना 7.6, म्हणजे फरक नेमका एक सेंटिमीटर आहे आणि त्याच्या मागचे-पुढचे सगळे बिंदू रेषेवर आहेत. यावरून मोजपट्टीवरचा सेंटिमीटरचा अंक चुकून पुढचा वाचला गेला असावा, असा दाट संशय येतो. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून प्रयोगशाळेत जाऊन ते एक वजन पुन्हा लाव आणि डोळा काट्याच्या समपातळीत ठेवून रीडिंग घे. 7.6 आले, तर जुन्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मार, शेजारी नवा आकडा आणि कारण लिही. खोडरबर किंवा व्हाइटनर मात्र वापरू नकोस, कारण मूळ नोंद पुसली की ती चूक होती हे दाखवण्याचे साधनही तिच्याबरोबर जाते.

50 ग्रॅमच्या बिंदूची गोष्ट अगदी निराळी आहे. तो चढताना आणि उतरताना एकच उत्तर देतो, तेव्हा तो बहुधा चुकलेला नाही. स्प्रिंग रिकामी टांगून उजेडासमोर धर आणि तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली आहेत का ते पाहा. मधून कागदाची कडसुद्धा सरकत नसेल, तर कारण सापडले. अशा घट्ट स्प्रिंगची तार गुंडाळतानाच तिच्यात ताण भरला जातो, आणि बाहेरचा भार त्या ताणाहून जास्त होईपर्यंत वेटोळी सुटत नाहीत. तुझी सरळ रेषा मागे वाढवलीस, तर ती भाराच्या अक्षाला 60 ग्रॅमवर, म्हणजे सुमारे 0.59 न्यूटनवर भेटते. 50 ग्रॅम त्याहून कमी असल्यामुळे स्प्रिंग हलली नाही, यात नवल ते काय? पुस्तकातली आरंभबिंदूतून जाणारी रेषा मुळात मोकळ्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगची असते.

आता जोडीदाराच्या म्हणण्याप्रमाणे केले तर काय होईल ते पाहू. तुझ्या रेषेत 50 ग्रॅमला 2 सेंमी वाढ आहे, म्हणून स्थिरांक 24.5 न्यूटन प्रति मीटर येतो. आरंभबिंदूतून 400 ग्रॅमच्या बिंदूपर्यंत रेषा ओढली, तर तो सुमारे 29 होईल. शिवाय अधले सगळे बिंदू त्या रेषेच्या एकाच बाजूला पडतील, म्हणजे तो आलेख देखणाही दिसणार नाही, आणि तो देखणा करायचा तर आणखी आकडे बदलावे लागतील. मला खरी भीती या दुसऱ्या पायरीची वाटते.

दोहोंपैकी कोणता आकडा खरा, हे ठरवायला पाच मिनिटे पुरतील. त्याच स्प्रिंगला 300 ग्रॅम लाव, वजन थोडेसेच खाली ओढून सोड आणि स्टॉपवॉचवर 20 दोलनांचा वेळ घे. मोजणी शून्यापासून सुरू कर. स्थिरांक 24.5 असेल, तर वेळ 14 सेकंदांच्या आसपास येईल. 29 असेल, तर 13 सेकंदांच्याही आत. स्प्रिंगचे स्वतःचे वजन धरले तर वेळ किंचित वाढतो, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

त्याच फेरीत 20, 40, 60 आणि 80 ग्रॅमची रीडिंगही घे. पहिल्या तिन्हींना स्प्रिंग जवळपास स्थिर राहून 80 ला सुमारे 0.8 सेंमी वाढली, तर वळणाची जागा आलेखावर स्वच्छ दिसेल. मग रेषा फक्त 60 ग्रॅमच्या पुढच्या बिंदूंमधून काढ, अलीकडचे बिंदू आलेखावर तसेच ठेव आणि खाली एका वाक्यात लिही की सुरुवातीच्या ताणामुळे ते उतार काढताना धरलेले नाहीत. बिंदू उतारातून वगळणे आणि आलेखावरून नाहीसा करणे यांतला फरक त्या एका वाक्याचा आहे.

जोडीदाराशी यावरून भांडू नकोस. तिला प्रयोगशाळेत बरोबर ने आणि स्टॉपवॉच तिच्याच हातात दे. तोंडी परीक्षेत रेषा आरंभबिंदूतून का गेली नाही, असे सरांनी विचारले, तर 60 ग्रॅमचे उत्तर तुम्हा दोघींनाही देता यायला हवे.

तुझी,
ताई