वऱ्हाडी नेता ब्रिटिश प्रजा की निजामाची?

प्रश्न: आमच्या गावचे (जि. अमरावती) एक पुढारी १९२५ साली विलायतेला गेले. पासपोर्ट घरी आहे. ते ब्रिटिश प्रजा होते की निजामाची?

उत्तर: पासपोर्टातली राष्ट्रीय दर्जाची ओळ वाचा, उत्तर तिथंच मिळेल. 'जन्माने ब्रिटिश प्रजा' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं असेल तर ब्रिटिश प्रजा. 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असेल तर संस्थानची प्रजा, आणि बहुधा संस्थानचं नावही सापडेल. मुखपृष्ठावरच्या राजमुद्रेवर जाऊ नका, ती दोघांच्याही पासपोर्टवर असे. बोटीच्या प्रवासी यादीतल्या नुसत्या 'ब्रिटिश' शब्दावरही नको. फक्त वऱ्हाडची गोष्ट जरा अवघड: १९०२ च्या करारानं कारभार इंग्रजांचा, पण नावापुरती मालकी निजामाचीच. म्हणून जन्मगावावरून अंदाज बांधू नका. शिवाय ही ओळ अर्जातल्या माहितीवरून भरलेली. कोर्टाचा निकाल नव्हे. मूळ अर्ज सापडला तर वडिलांचं जन्मस्थळही ताडून बघा.